वृंदेच्या दारी आलेला नवरदेव

आषाढी एकादशीला झोपलेले देव कार्तिकी एकादशीला जागे होतात, आणि दुसऱ्या दिवशी, द्वादशीच्या संध्याकाळी, अंगणात तुळशीचं लग्न लागतं. इथे चातुर्मास संपतो. चार महिने वर्ज्य असलेली वांगी आणि कांदा-लसूण पुन्हा ताटात येतात, लग्नाचे मुहूर्त सुरू होतात. द्वादशीला जमलं नाही तर पौर्णिमेपर्यंत कुठल्याही संध्याकाळी हे लग्न लावता येतं. अधिक महिना मध्ये आला की वाट आणखी लांबते. 2023 साली श्रावण अधिक होता, त्यामुळे 29 जूनला निजलेले देव थेट 23 नोव्हेंबरला उठले.

विधीमागची कथा गोड नाही, आणि ती गोड करून सांगूही नये. जालंधर नावाचा असुर देवांना आवरेना. त्याची पत्नी वृंदा पतिव्रता, आणि तिच्या पातिव्रत्याच्या बळावर तो अजिंक्य. तेव्हा विष्णूने जालंधराचं रूप घेतलं आणि वृंदेला फसवलं. तिचं व्रत मोडलं, तिकडे शंकराने जालंधराचा वध केला. कपट कळताच वृंदेने विष्णूला शाप दिला की तुझ्याही पत्नीचं असंच कपटाने हरण होईल. रामावतारातलं सीताहरण कथेकरी या शापाशी जोडतात. मग वृंदेने अग्निप्रवेश केला.

विष्णू तिच्या राखेजवळून हलेना. कार्तिकमाहात्म्यात पुढची हकिकत अशी आहे की, देवांनी देवींकडून मिळालेलं बी त्या राखेत पेरलं आणि तिथे तुळस, आवळा आणि मालती उगवल्या. देवीभागवतात कथा थोडी निराळी आहे. तिथे ती शंखचूडाची पत्नी तुळशी आहे. तिच्या शापाने विष्णू दगड होतो, तिच्या देहाची गंडकी नदी होते आणि केसांची तुळशीची झाडं. नेपाळात त्याच गंडकीच्या पात्रात मिळणारा काळा शाळिग्राम म्हणजे तो दगड. घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या कथेत या दोन्ही धारा मिसळल्या आहेत.

ही कथा माहीत असली की मांडणीतल्या वस्तू बोलू लागतात. वृंदावन गेरूने रंगवून भोवती रांगोळी काढतात. चार कोपऱ्यांना चार ऊस बांधले की मांडव झाला. गॅलरीतल्या कुंडीत एकच ऊस खोवला तरी चालतो. कुंडीत आवळ्याची फळं धरलेली डहाळी आणि चिंचेची फांदी खोचतात. त्यातला आवळा तुळशीसोबत राखेतून उगवलेला, म्हणून तो चुकवू नये. गोव्यात या दिवसाला व्हडली दिवाळी म्हणतात.

दिवेलागणीला आधी घंटा वाजवून देवाला जागं करायचं. 1790 सालच्या धर्मसिंधूतही प्रबोधोत्सव आणि तुळशीविवाह जोडीनेच येतात. मग संकल्प, गणपतिपूजन. तुळशीला हळद, कुंकू, हिरव्या बांगड्या, खण आणि मणी-मंगळसूत्र वाहायचं. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण किंवा शाळिग्राम ताम्हनात घेऊन तिच्यासमोर आणायचा आणि तांदळावर बसवायचा. दोघांना मुंडावळ्या बांधायच्या. मध्ये दोघांनी अंतरपाट धरायचा, जमलेल्यांना अक्षता वाटायच्या आणि मंगलाष्टकं म्हणायची. प्रत्येक कडव्यानंतर ‘सावधान’ झालं की अक्षता पडतात, शेवटी अंतरपाट दूर होतो. देवाच्या हाताची माळ तुळशीला आणि तुळशीची देवाला. त्यानंतर यजमान जोडपं तुळशीचे आईवडील होऊन कन्यादानाचा संकल्प सोडतं. ज्यांना मुलगी नाही, ती जोडपी हे पुण्य याच अंगणात घेतात. मग आरती, आणि चुरमुरे, लाह्या, उसाचे करवे, बोरं, आवळे यांचा प्रसाद.

या साऱ्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की, नवरदेवच तिच्या दारी येतो. तुळस जागची हलत नाही. ज्याने तिला फसवलं, तो दगड होऊन किंवा बाळकृष्ण होऊन दरवर्षी तिच्यापुढे उभा राहतो, आणि तिच्या पानाशिवाय त्याला नैवेद्य पोचत नाही. माझ्या मते हे लग्न म्हणजे देवाने फेडायचं ऋण आहे.

पण त्या पानाची सोय आधी करावी लागते, कारण द्वादशीला तुळस खुडत नाहीत. नैवेद्यासाठी पानं दशमीलाच काढून ठेवा. तुळशीचं पान शिळं मानत नाहीत.

लग्नात झाडाचे हाल होतात, तेही टाळता येतात. हळद-कुंकू पानांवर न टाकता वृंदावनाला लावा. दूध आणि पंचामृत मुळाशी ओतू नका, मातीला आंबूस वास येतो आणि मुंग्या लागतात. पणती फांद्यांखाली ठेवू नका, कारण पानं करपलेली दुसऱ्या दिवशीच दिसतात. पौर्णिमा झाली की खोडाला गुंडाळलेला दोरा, बांगड्या आणि ऊस काढून घ्या. वाळलेल्या मंजिऱ्या खुडून त्यांचं बी वेगळ्या कुंडीत टाका, म्हणजे पुढच्या वर्षीची नवरी घरातच वाढेल.