अर्थ तोच, वाक्य नवे : इंग्रजीच्या प्रगत परीक्षेतील वाक्यरूपांतर

शालेय मराठी व्याकरणात ‘अर्थ न बदलता वाक्यरूपांतर करा’ हा प्रश्न अनेकांनी सोडविलेला असतो. ‘दार उघडे आहे’ हे वाक्य नकारार्थी करताना ‘दार बंद नाही’ असे लिहिले तर अर्थ टिकून राहतो. मात्र ‘पाणी गरम आहे’ याचे रूपांतर ‘पाणी थंड नाही’ असे केले तर तो टिकत नाही. कारण थंड नसलेले पाणी कोमटही असू शकते. नवे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष असते, तरी मूळ विधानातील काहीतरी वाटेत गळून पडते. केंब्रिज विद्यापीठाच्या ‘सी-वन ॲडव्हान्स्ड’ या इंग्रजी परीक्षेतील वाक्यरूपांतराचा प्रश्न नेमकी हीच गळती तपासतो.

या परीक्षेच्या वाचन व भाषावापराच्या प्रश्नपत्रिकेतील चौथा विभाग ‘की वर्ड ट्रान्सफॉर्मेशन’ या नावाने ओळखला जातो. त्यात सहा प्रश्न असतात. प्रत्येक प्रश्नात एक पूर्ण वाक्य, त्याखाली ठळक अक्षरांत एक शब्द आणि मध्ये रिकामी जागा सोडलेले दुसरे वाक्य दिलेले असते. दिलेला शब्द वापरून रिकामी जागा अशी भरावयाची की दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच राहील. उत्तर किमान तीन आणि कमाल सहा शब्दांचे असावे लागते आणि या मोजणीत दिलेला शब्दही धरला जातो. त्या शब्दाचे रूप मात्र बदलता येत नाही. याच्या वरच्या ‘सी-टू प्रोफिशियन्सी’ परीक्षेत हीच मर्यादा तीन ते आठ शब्दांची आहे.

मराठी प्रश्नात कोणते रूपांतर हवे ते सांगितलेले असते. होकारार्थीचे नकारार्थी करा, प्रयोग बदला, असा स्पष्ट आदेश असतो. येथे तसा आदेश नसतो. कोणता बदल करावयाचा हे दिलेल्या शब्दावरून आणि रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंच्या शब्दांवरून ओळखावे लागते.

एक उदाहरण टप्प्याटप्प्याने पाहू. पहिले वाक्य असे : ‘इट इज पॉसिबल दॅट समबडी स्टोल अवर कार व्हाइल वी वेअर अस्लीप.’ म्हणजे, आम्ही झोपेत असताना कोणीतरी आमची गाडी चोरली असण्याची शक्यता आहे. दिलेला शब्द ‘हॅव’. दुसरे वाक्य : ‘अवर कार … व्हाइल वी वेअर अस्लीप.’

प्रथम मूळ वाक्यात कोणकोणते अर्थघटक आहेत आणि त्यांपैकी कोणते दुसऱ्या वाक्यात आधीच छापलेले आहेत, हे पाहावे. गाडी आणि झोपेची वेळ हे दोन घटक छापलेले आहेत. शक्यता, भूतकाळ, चोरीची क्रिया आणि ती करणारा अज्ञात माणूस हे चार उरतात. रिकाम्या जागेत याच चार घटकांना स्थान द्यावयाचे आहे.

दुसरे वाक्य ‘अवर कार’पासून सुरू होते. गाडी स्वतः चोरी करीत नाही, म्हणून येथे कर्मणी रचना हवी : ‘बीन स्टोलन’. या रचनेत कर्ता न सांगितल्याने ‘कोणीतरी’ हा घटकही आपोआप सामावला जातो. शक्यतेसाठी ‘मे’, ‘माइट’ किंवा ‘कुड’ यांपैकी एक शब्द चालेल आणि भूतकाळाचा भार दिलेला ‘हॅव’ उचलतो. उत्तर तयार होते : ‘मे हॅव बीन स्टोलन’. शब्द चार, म्हणजे मर्यादेच्या आत.

प्रत्येक प्रश्नाला दोन गुण असतात आणि अपेक्षित उत्तर दोन भागांत विभागून तपासले जाते. या उदाहरणात ‘मे हॅव’ हा एक भाग आणि ‘बीन स्टोलन’ हा दुसरा मानता येईल. ‘मस्ट हॅव बीन स्टोलन’ असे लिहिणाऱ्याची रचना अचूक असते. परंतु त्याने शक्यतेचे जवळजवळ खात्रीत रूपांतर केलेले असते, त्यामुळे पहिल्या भागाचा गुण जातो. ‘मे हॅव स्टोलन’ असे लिहिणाऱ्याने शक्यता जपलेली असते, पण त्याच्या वाक्यात गाडीच चोर ठरते. त्याचा दुसऱ्या भागाचा गुण जातो.

यांतील दुसरी चूक मराठीभाषकांकडून का होऊ शकते, हे समजण्यासारखे आहे. ‘कोणीतरी गाडी चोरली’ आणि ‘गाडी चोरली असावी’ या दोन्ही वाक्यांत ‘चोरली’ हे रूप तेच राहते. मराठीत कर्ता नुसता गाळला तरी अर्थबोध होतो. इंग्रजीत कर्ता गाळून कर्माला त्याच्या जागी आणले की क्रियापदाची बांधणीही बदलावी लागते. मातृभाषेच्या सवयीने विचार करणाऱ्याला ‘बीन’ची उणीव सहसा जाणवत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नात व्याकरणापेक्षा शब्दांची रूढ जोडी महत्त्वाची ठरते. ‘द डायरेक्टर हॅड ॲब्सोल्यूटली नो इन्टेन्शन ऑफ रिझाइनिंग’, म्हणजे संचालकांचा राजीनामा देण्याचा मुळीच विचार नव्हता. दिलेला शब्द ‘स्लायटेस्ट’ आणि दुसरे वाक्य ‘द डायरेक्टर … इन्टेन्शन ऑफ रिझाइनिंग’. येथे नकार आणि त्यावरील जोर, असे दोन घटक जपावयाचे आहेत. उत्तर : ‘डिड नॉट हॅव द स्लायटेस्ट’. नकार ‘नॉट’मध्ये आला आणि ‘मुळीच’चा जोर ‘द स्लायटेस्ट’मध्ये. मराठीत उपपदे नसल्याने येथील ‘द’ निसटण्याचा धोका असतो आणि तो निसटला तर त्या भागाचा गुणही जातो.

शब्द मोजतानाही सावध राहावे लागते. वरील उत्तर ‘डिडन्ट’ असे जोडून लिहिले, तरी तो एक शब्द न धरता ‘डिड’ आणि ‘नॉट’ असे दोन धरले जातात. उत्तर पाच शब्दांचेच राहते. ‘कान्ट’ मात्र एकच शब्द मोजला जातो, कारण त्याचे पूर्ण रूप ‘कॅनॉट’ हेच मुळात एक शब्द आहे. उत्तर सहा शब्दांच्या काठावर असेल, तेव्हा संक्षिप्त रूपे सुटी करून मोजणी करावी. स्पेलिंगही अचूक हवे. चुकीच्या उत्तरासाठी गुण वजा होत नाहीत. शिवाय उत्तराच्या अर्ध्या भागालाही गुण असल्याने जागा कोरी ठेवण्यापेक्षा खात्रीचा भाग लिहिणे हिताचे ठरते.

प्रश्नपत्रिकेच्या पहिल्या तीन विभागांत प्रत्येकी आठ प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नाला एक गुण असतो. चौथ्या विभागातील सहा प्रश्नांना मिळून बारा गुण आहेत. म्हणजे पहिल्या चार विभागांच्या एकूण 36 गुणांपैकी एकतृतीयांश गुण या सहा वाक्यांवर अवलंबून असतात. म्हणून उत्तर लिहून झाल्यावर दुसरे वाक्य सलग वाचावे आणि मूळ वाक्यातील काळ, नकार, शक्यता किंवा खात्री आणि जोर यांपैकी प्रत्येक घटक त्यात सापडतो का, हे बोट ठेवून पाहावे. यांपैकी एकही सापडला नाही, तर वाक्य कितीही शुद्ध असले तरी गरमचे कोमट झालेले असते.