लग्नघरातला फ्रीज आणि रात्री नऊचं इंजेक्शन

पुण्यात आयव्हीएफची सायकल सुरू आहे, स्त्रीबीजं वाढवणारी इंजेक्शनं चालू होऊन पाच दिवस झालेत आणि अमरावतीला दिराचं लग्न आहे. तेही मे महिन्यात. डॉक्टर म्हणतात, दोन दिवस जाऊन या, पण परवा सोनोग्राफीला हजर राहा. अशा वेळी त्या बाईच्या पिशवीत साधारण तीन प्रकारची औषधं असतात. एक एफएसएचचं पेन, रोज रात्री नऊला घ्यायचं. दुसरी गॅनिरेलिक्सची भरलेली सिरिंज, रोज सकाळी आठला. आणि काही जणींकडे एचएमजीची पावडर, जी ऐन वेळी पाण्यात मिसळून टोचायची असते. तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे, आणि सगळा गोंधळ तिन्ही एकाच बर्फाच्या डब्यात कोंबल्यामुळे होतो.

एफएसएच हे प्रथिन आहे. उष्णतेनं त्याची घडी हळूहळू मोडते, पण गोठलं तर ते एका रात्रीत निकामी होऊ शकतं. वाईट गोष्ट ही, की गोठून पुन्हा वितळलेलं औषध काचेतून पूर्वीसारखंच स्वच्छ दिसू शकतं. गढूळपणा किंवा कण दिसले तर ते वापरायचं नाहीच, पण ते दिसले नाहीत म्हणून औषध चांगलं आहे असं समजता येत नाही. म्हणून औषधाकडे बघण्यापेक्षा ते किती तापमानात आणि किती वेळ राहिलं हे माहीत असणं महत्त्वाचं. न उघडलेलं पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं. काही कंपन्यांचं पेन २५ अंशांच्या आत तीन महिन्यांपर्यंत फ्रीजबाहेर चालतं. आपल्या औषधाचा नियम त्याच्या खोक्यातल्या पत्रकावर असतो आणि तो निघण्यापूर्वी वाचायचा. मात्र पत्रकातली ‘खोलीचं तापमान’ ही खोली अमरावतीची नाही. मे महिन्यात विदर्भातलं कूलर नसलेलं घर रात्रीसुद्धा तिशीच्या वर असतं. उलट एचएमजीच्या पावडरीला बहुतेक वेळा बर्फ लागतच नाही, २५ अंशांपर्यंत ती बाहेरही चालते. गॅनिरेलिक्सचा नियम कंपनीगणिक बदलतो, पण कुणाचंही असलं तरी ते गोठवायचं नाही.

रात्रभराच्या रेल्वेप्रवासासाठी रुंद तोंडाचा चांगला थर्मास पुरतो. जेल पॅक फ्रीझरमधून काढल्यावर लगेच आत टाकू नये. दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवून, त्याला घाम सुटला की नॅपकिनमध्ये गुंडाळायचा. औषध आपल्या मूळ खोक्यात, खोकं प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि जेल पॅकला त्याचा थेट स्पर्श नको. सुट्टा बर्फ वापरला तर तो वितळून खोकं भिजतं आणि त्यावरची मुदत पुसली जाते. माझा आग्रह असा, की निघण्याच्या आदल्या रात्री औषध न घालता हा थर्मास भरून बघावा. आत वायरचा स्वस्तातला डिजिटल थर्मामीटर ठेवला तर किती तासांनी पारा आठच्या वर जातो आणि सुरुवातीला तो दोनच्या खाली तर जात नाही ना, हे आपल्या डोळ्यांनी दिसतं. विमानानं जायचं असेल तर औषध हातातल्या सामानातच घ्यायचं, कारण खालच्या कप्प्यात ठेवलेली बॅग चुकू शकते आणि औषध गोठूही शकतं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवी.

खरी परीक्षा लग्नघरात असते. तिथला फ्रीज श्रीखंड, फुलं आणि पाण्याच्या बाटल्यांनी भरलेला असतो, आणि कुणी तरी जागा करण्यासाठी ‘हे औषध दिसतंय, आणखी थंड ठेवू’ म्हणून ते फ्रीझरमध्ये सरकवतं. पुष्कळ जणींना उपचारांची गोष्ट नातेवाइकांना सांगायची नसते, म्हणून त्या खोकं मागे लपवतात. पण मागची भिंत हीच गोठवणारी जागा. मधल्या फळीवर, पुढच्या बाजूला, झाकणाच्या डब्यात घालून ठेवावं आणि डब्यावर ‘फ्रीझरमध्ये ठेवू नये’ एवढंच लिहावं. सासूबाईंना किंवा नणंदेला एका वाक्यात विश्वासात घेतलं तर ही वेळ येतच नाही.

आता राहून गेलेल्या डोसबद्दल. हळदीच्या दिवशी सकाळी आठचं गॅनिरेलिक्स विसरलं आणि साडेबाराला आठवलं. हे इंजेक्शन शरीराला वेळेआधी बीज सोडू देत नाही. त्याचा असर टिकावा म्हणून दोन डोसांमधलं अंतर तीस तासांच्या वर जाऊ नये. काल सकाळी आठपासून आज साडेबारापर्यंत साडेअठ्ठावीस तास झाले, म्हणजे आठवल्याबरोबर घ्यायचं, क्लिनिकला कळवायचं, आणि उद्याची वेळ त्यांना विचारून ठरवायची. संध्याकाळी सहाला आठवलं असतं तर चौतीस तास झाले असते. तरीही आठवल्याबरोबर घ्यायचंच, पण त्याच वेळी डॉक्टरांना फोन लावायचा. ते रक्ततपासणी सांगू शकतात. दोन डोस एकत्र मात्र कधीच नाहीत.

एफएसएचच्या बाबतीत थोडा उशीर तितका जिवावर येत नाही, पण पूर्ण दिवस चुकला तर स्वतः हिशेब न करता फोन करावा. पेन संपत आलेलं असताना एक फसगत होते: बटण पूर्ण दाबूनही आकडा शून्यावर येत नाही. अनेक पेनांमध्ये तो उरलेला आकडा म्हणजे न मिळालेला डोस, जो नव्या पेनातून घ्यायचा असतो. तो बघितला नाही तर निम्मा डोस चुकतो आणि कुणाला कळतही नाही.

ट्रिगरचं इंजेक्शन या सगळ्यांहून वेगळं. त्यानंतर साधारण ३४ ते ३६ तासांनी बीजं काढतात. सोमवारी रात्री साडेदहाची वेळ दिली असेल तर छत्तीस तासांनी, बुधवारी सकाळी साडेदहाला, ऑपरेशन थिएटर तुमच्यासाठी राखलेलं असतं. इंजेक्शन बाराला घेतलं गेलं तर ती दीड तासाची सरकलेली वेळ डॉक्टरांना रात्रीच कळायला हवी, मग ते बीजं काढायची वेळ तेवढीच पुढे नेऊ शकतात. ओरडा बसेल म्हणून ‘वेळेवर घेतलं’ असं सांगितलं, तर बीजं तयार होण्याआधीच काढायला जातील. इथे अर्धा तासही लपवू नये.

सुया लग्नघरातल्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत. पाण्याची पातळ बाटलीही नको, ती सुईनं भोसकते. कपडे धुण्याच्या द्रवाची जाड प्लॅस्टिकची, फिरकीच्या झाकणाची रिकामी बाटली सोबत घ्यावी आणि टोचण्याआधी हाताशी ठेवावी. सिरिंजच्या सुईला टोपण परत लावायचं नाही; बोट टोचतं ते तेव्हाच. ती तशीच बाटलीत टाकायची. पेनाची सुई प्रत्येक वेळी काढायची, नाही तर प्रवासात औषध गळतं आणि आत हवा शिरते. तिची बाहेरची टोपी टेबलावर ठेवून एका हातानं सुई तिच्यात सरकवली की फिरवून निघते. एचएमजीच्या फुटलेल्या काचाही याच बाटलीत जातील. बाटली तीन चतुर्थांश भरली की झाकण लावून चिकटपट्टी मारायची आणि ‘वापरलेल्या सुया’ असं ठळक लिहायचं.

ती बाटली पुढे कुठे न्यायची हे सायकलच्या पहिल्याच दिवशी क्लिनिकला विचारून ठेवावं. अनेक क्लिनिक आपल्या रुग्णांच्या सुया परत घेतात आणि आपल्या जैववैद्यकीय कचऱ्याबरोबर पाठवतात. घेत नसतील तर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात चौकशी करावी. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरातल्या वापरलेल्या सुयांना घरगुती घातक कचऱ्यात धरलं होतं. ओल्या-सुक्या कचऱ्याची पिशवी आपल्याकडे कुणी तरी बाई उघड्या हातांनी उपसते. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर सात दिवस जिवंत राहू शकतो आणि सुई कुणाची होती हे तिला कळायला मार्ग नसतो. कुणाला वापरलेली सुई टोचलीच, तर जखम न दाबता साबणानं वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. एचआयव्ही रोखण्याची औषधं ७२ तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी बरी, सुरू करावी लागतात.