तापमान सांगेल तेवढी वाफ

रासायनिक कारखान्यात वाफेचा हेडर सगळ्यांचा सामाईक असतो. रिअ‍ॅक्टरचं जॅकेट त्यावर, ड्रायर त्यावर, आणि कुठेतरी पाइपरॅकखाली आडवा बसवलेला शेल-अँड-ट्यूब हीटरही त्यावरच. ड्रायरवाल्यांनी पाळी सुरू करताना आपला व्हॉल्व्ह उघडला की हेडरचा दाब खाली येतो, आणि काही वेळाने हीटरच्या पॅनलवर बसलेल्या ऑपरेटरला तापमान घसरताना दिसतं. त्याच्या हीटरमध्ये काहीच बिघडलेलं नसतं. दुसऱ्याने वाफ ओढली, एवढंच. कॅस्केड कंट्रोल म्हणजे दोन कंट्रोलर एकाखाली एक जोडण्याची रचना. हीटरवर ती मुख्यतः याच दुखण्यासाठी लावतात.

एक हीटर डोळ्यांपुढे ठेवू. नळ्यांमधून तासाला 20,000 किलो पाण्यासारखा द्रव जातो. तो 30 अंशांना आत येतो आणि 80 अंशांना बाहेर पडायला हवा. म्हणजे तासाला सुमारे 41.8 लाख किलोज्यूल उष्णता द्यावी लागते. शेलमध्ये वाफ थंडावून पाणी होताना किलोमागे साधारण 2,150 किलोज्यूल सोडते. भागाकार केला की तासाला सुमारे 1,950 किलो वाफ लागते. हेडरचा दाब गेजवर 7 बार, आणि व्हॉल्व्हनंतर शेलमध्ये 3 बार.

आता हेडर 7 वरून 6 बारवर आला असं धरा. निरपेक्ष दाबात ही घट 8 वरून 7, म्हणजे साडेबारा टक्के. व्हॉल्व्हमधून जाणारी वाफ इथे जवळजवळ वरच्या दाबाच्याच प्रमाणात कमी होते, तेव्हा व्हॉल्व्ह जागचा न हलताही वाफ सुमारे 1,700 किलोवर येते. कोणी काहीच केलं नाही, तर द्रवाला मिळणारा 50 अंशांचा चढ साडेबारा टक्क्यांनी घटेल आणि द्रव 74 अंशांच्या आसपास बाहेर पडू लागेल.

एकच तापमान कंट्रोलर थेट व्हॉल्व्हला जोडलेला असला, तर तो हे दुरुस्त करतो, पण उशिरा. वाफ कमी झाल्यावर आधी नळ्यांचा धातू निवतो, मग त्यातला द्रव, मग तो द्रव बाहेरच्या पाइपातून थर्मोवेलपर्यंत पोचतो, आणि थर्मोवेलच्या जाड भिंतीतून आतल्या आरटीडीला पत्ता लागतो. यात मिनिटभर सहज जातं. तोवर थंड द्रव पुढच्या टाकीत पडलेला असतो. कंट्रोलर व्हॉल्व्ह उघडतो, त्याचा परिणाम दिसायला पुन्हा तेवढाच वेळ लागतो, आणि मध्येच ड्रायर बंद होऊन हेडर पूर्ववत झाला की तापमान उलट्या दिशेने 80 च्या वर जातं. हा कंट्रोलर जोरात ट्यून करून भागत नाही. लूपमधला उशीर तसाच राहतो, आणि जोर वाढवला की तापमान हंटिंग करू लागतं.

कॅस्केडमध्ये व्हॉल्व्हच्या आधी वाफेच्या लाइनवर फ्लोमीटर बसवतात. बहुतेक ठिकाणी ती ऑरिफिस प्लेट आणि डीपी ट्रान्समीटर असते. पडद्यावर दोन कंट्रोलर दिसतात, समजा `TIC-101` आणि `FIC-102`. पहिला मास्टर, दुसरा स्लेव्ह. मास्टर तापमान बघतो, पण व्हॉल्व्हला हात लावत नाही. त्याचं आउटपुट म्हणजे स्लेव्हचा सेटपॉइंट: तासाला इतके किलो वाफ हवी. ती वाफ खरोखर जाते की नाही हे पाहणं आणि व्हॉल्व्ह हलवणं हे स्लेव्हचं काम. हेडर पडला की वाफेचा प्रवाह लगेच घटतो, स्लेव्हला तो लगेच दिसतो, आणि दहाबारा सेकंदांत व्हॉल्व्ह थोडा उघडून तो 1,950 वर परत आणतो. तापमानात अर्ध्या अंशाच्या आसपास एक लाट येते आणि विरते. मास्टरला फारसं काही करावंच लागत नाही.

व्हॉल्व्ह किती उघडला, ते बघण्यासारखं आहे. तो इक्वल पर्सेंटेज जातीचा असला आणि 55 टक्क्यांवर उभा असला, तर ही सगळी भरपाई करायला तो 58 ते 59 टक्क्यांवर गेला की पुरतं. जेमतेम साडेतीन टक्के हालचाल. हाच हिशेब उलटा केला की कॅस्केडचा दुसरा उपयोग कळतो. ग्लँड पॅकिंग जास्त आवळलेलं असेल आणि व्हॉल्व्ह दोन टक्के अडकून मग एकदम सुटत असेल, तर प्रत्येक उडीला वाफ आठ टक्क्यांनी बदलते. एवढा बदल टिकला तर बाहेरचं तापमान चार अंशांनी हलतं. एकट्या तापमान लूपला ही उडी मिनिटभराने समजते. स्लेव्हला ती त्याच क्षणी दिसते आणि तापमानापर्यंत पोचायच्या आत तो ती आवरतो. मात्र यामुळे व्हॉल्व्हचा रोग झाकलाही जातो. तापमानाची रेघ सरळ असते, म्हणून कोणी `FIC-102` चा ट्रेंड उघडून बघत नाही. तो उघडावा. आउटपुट हळूहळू तिरकं चढतंय आणि प्रवाह मात्र पायरीसारखा एकदम उडी घेतोय, असं चित्र दिसलं तर व्हॉल्व्ह अडकतोय. लूप मॅन्युअलला टाकल्यावर हेलकावे थांबले, तर दोष आपल्या व्हॉल्व्हचा किंवा ट्यूनिंगचा. तरीही चालूच राहिले, तर हेडर हलतोय.

या रचनेत सगळ्यात जास्त फसवणूक होते ती फ्लोमीटरवर, आणि ती ड्रॉइंगवर दिसत नाही. ऑरिफिस वाफेचं वजन मोजत नाही, प्लेटच्या दोन बाजूंच्या दाबांतला फरक मोजते. त्यावरून किलो काढायचे तर वाफेची घनता माहीत हवी. ट्रान्समीटर बसवताना 7 बार गेजची घनता धरलेली असते, घनमीटरला सुमारे 4.16 किलो. हेडर 6 बारवर आला की ती 3.67 होते. वजनाचा प्रवाह घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणून मीटर 1,950 दाखवतो तेव्हा खरी वाफ असते सुमारे 1,830. स्लेव्हला वाटतं आपलं काम झालं. प्रत्यक्षात साडेबारा टक्क्यांच्या तुटीतली निम्मीच भरून निघाली आणि सहा टक्के उरली. या उरलेल्या तुटीमुळे तापमान तीन अंशांनी घसरू लागतं, आणि ती भरायला पुन्हा तोच संथ मास्टर धावतो. कॅस्केड लावूनही हेडर पडला की तापमान पडतंच, अशी तक्रार जिथे असते, तिथे आधी हेच तपासावं. उपाय साधा आहे. प्लेटजवळ दाबाचा ट्रान्समीटर घ्यायचा आणि त्यावरून घनता काढून डीसीएसमध्ये प्रवाह दुरुस्त करायचा. वाफ संपृक्त असेल तर दाबावरून घनता कळते. सुपरहीट असेल तर तापमानही घ्यावं लागतं.

ट्यूनिंगचा क्रम ठरलेला आहे: आधी स्लेव्ह, मग मास्टर. मास्टर मॅन्युअलला ठेवून स्लेव्हला ऑटोवर घ्यायचं, सेटपॉइंट शंभर किलोंनी वाढवायचा आणि प्रवाह कसा पोचतो ते पाहायचं. गेन 0.3 च्या आसपास आणि इंटिग्रल पाचसहा सेकंद, इथून सुरुवात केली तर बहुतेक वेळा दहाबारा सेकंदांत तो स्थिर होतो. डेरिव्हेटिव्ह इथे देऊ नये. फ्लोचा सिग्नल सतत थरथरत असतो, आणि डेरिव्हेटिव्ह ती थरथर थेट व्हॉल्व्हवर घालतो. स्लेव्ह निदान तीनचार पटींनी मास्टरपेक्षा चपळ हवा. हीटरमध्ये ही अट आपोआप पुरी होते, कारण एकीकडे सेकंद आहेत आणि दुसरीकडे मिनिटं.

ट्यूनिंग चांगलं असूनही एक प्रसंग उरतो. बॉयलर ट्रिप झाला आणि वाफच नाही. स्लेव्ह व्हॉल्व्ह पूर्ण उघडून बसतो, तापमान घसरत जातं, आणि मास्टर मागणी वाढवत राहतो: 2,200, 2,600, 3,000. वाफ परत आली की स्लेव्ह इमानेइतबारे 3,000 किलो सोडतो आणि तापमान 80 ओलांडून बरंच वर जातं. मास्टरची साठलेली मागणी उतरायला वेळ लागतो. म्हणून मास्टरच्या इंटिग्रलला स्लेव्हचा खरा प्रवाह परत द्यावा लागतो. त्याला एक्स्टर्नल रिसेट म्हणतात. प्रवाह वाढत नाही हे कळलं की मास्टर तिथेच थांबतो. तसंच ऑपरेटरने स्लेव्ह ऑटोवर किंवा मॅन्युअलला घेतला असेल, तेव्हा मास्टरचं आउटपुट मुकाट्याने स्लेव्हच्या मागे चालत राहिलं पाहिजे, म्हणजे `CAS` दाबताना धक्का बसत नाही. “साहेब, कॅस्केड टाकलं की उसळतंय, म्हणून ऑटोवरच ठेवलंय,” असं पॅनलवरून ऐकू आलं, तर बऱ्याचदा हे ट्रॅकिंगच जोडलेलं नसतं. ऑपरेटरचं म्हणणं तिथे बरोबर असतं.

आणि ऑटोवर ठेवणं निरुपद्रवी नाही. स्लेव्ह ऑटोवर म्हणजे वाफ ठरलेली, तापमानाकडे कोणाचंच लक्ष नाही. समजा पंपाच्या गाळणीत कचरा अडकला आणि द्रव 20,000 वरून 10,000 किलोवर आला. शेलचा दाब स्थिर ठेवणारी व्यवस्था असती, तर द्रव तापत गेला तशी वाफ कमी थंडावली असती, आणि हीटरने स्वतःच थोडा आवर घातला असता. प्रवाह स्थिर धरणारा स्लेव्ह हा आवर काढून घेतो. तो शेलचा दाब चढू देतो आणि तेवढेच किलो आत ढकलायला पाहतो. उष्णता तीच, द्रव निम्मा, म्हणजे चढ 50 ऐवजी 100 अंशांकडे आणि बाहेरचं तापमान 130 अंशांकडे धावू लागतं. द्रव उकळू लागेल किंवा खराब होईल. कॅस्केडवर असतानासुद्धा मास्टरला हे उशिराच कळतं, कारण द्रवाचा प्रवाह वाफेच्या मीटरला दिसत नाही. म्हणून उच्च तापमानाला आणि द्रवाच्या कमी प्रवाहाला वाफ तोडणारं इंटरलॉक स्वतंत्र हवं, आणि व्हॉल्व्ह हवा गेल्यावर बंद होणारा हवा.

जिथे द्रवाचा प्रवाह रोजच बदलतो, तिथे कॅस्केडवर फीडफॉरवर्ड चढवतात. वाफेची गरज आधीच मोजता येते:

```
W_steam = F × Cp × (T_set − T_in) / λ
```

`F` म्हणजे द्रवाचा प्रवाह, `λ` म्हणजे किलोमागे वाफेने सोडलेली उष्णता. द्रव निम्मा झाला की वाफेची मागणी त्याच सेकंदाला निम्मी होते, आणि मास्टर फक्त उरलेली बारीक चूक दुरुस्त करतो. स्लेव्ह नसता तर हे सूत्र कुठे जोडायचं हा प्रश्न होता, कारण व्हॉल्व्हला टक्के कळतात, किलो कळत नाहीत.

तेव्हा ठरवायचं असं. हेडरचा दाब स्थिर असेल आणि व्हॉल्व्ह चांगला असेल, तर एकच तापमान लूप पुरे. फ्लोमीटरचा खर्च आणि त्याची देखभाल अंगावर घेऊ नये. दाब हलत असेल, तर कॅस्केड लावावं, पण फ्लोमीटरला दाबाची दुरुस्ती जोडूनच. आणि द्रवाचा प्रवाह बदलत असेल, तर नुसतं वाफेच्या प्रवाहावरचं कॅस्केड अपुरं आहे; फीडफॉरवर्ड जोडल्याशिवाय ते सुरू करू नये.