तांब्याच्या भांड्यातला हिरवा पडदा

कॅटलॉगच्या फोटोंची पार्श्वभूमी बदलून हवी असेल, तर दुकानदाराने फ्रीलान्स एडिटरला पाठवलेल्या पत्रात तीन गोष्टी स्पष्ट लागतात: काय काढायचे, काय तसेच ठेवायचे आणि मागे नेमका कोणता रंग भरायचा. ‘बॅकग्राउंड क्लीन करून द्या’ एवढ्या ओळीतून यातले काहीच कळत नाही. धातूच्या भांड्यांच्या बाबतीत तर ती ओळ घातकच ठरते, कारण तिथे पार्श्वभूमी वस्तूच्या मागे असते तशी वस्तूच्या अंगावरही उमटलेली असते.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत घडतात तशी मठारकाम केलेली भांडी विकणारे एखादे छोटे दुकान घेऊ. फोटो दुकानातच, हिरव्या पडद्यासमोर, मोबाइलवर काढलेले आहेत. एडिटरने पडदा कापून मागे पांढरा रंग भरला, तरी घंगाळाच्या पोटावर हिरवट-पिवळी झाक तशीच राहते. पांढऱ्यावर ती अधिकच उठून दिसते आणि नवे भांडे डागाळलेले वाटते. म्हणून पत्रात फोटोगणिक लिहावे लागते. उदाहरणार्थ:

“फोटो 07, घंगाळ. मागचा पडदा आणि खालचे टेबल काढावे. दोन्ही कड्यांच्या आतल्या पोकळीतूनही पडदा दिसतो, तोही काढावा. डाव्या अंगावरची हिरवी झाक घालवावी, पण मठारलेल्या खळग्यांतली चमक पुसू नये. तांब्याचा रंग फोटो 03 मधल्या कळशीशी जुळवावा.”

चमकेबद्दलचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. हातोडीने उठवलेला प्रत्येक खळगा हा एक छोटा वक्र आरसा असतो आणि खोलीतला उजेड त्यात ठिपक्यासारखा दिसतो. प्रतिबिंबे घालवण्याच्या नादात एडिटरने सगळा पृष्ठभाग गुळगुळीत केला, तर हाताने घडवलेले भांडे यंत्रावर दाबून काढल्यासारखे दिसते. ज्यासाठी गिऱ्हाईक जास्त पैसे मोजते, तेच फोटोतून नाहीसे होते. झाक हा रंगाचा दोष आहे, ठिपका हा घडणीचा भाग आहे. हा फरक एडिटरला आपोआप कळेल असे धरून चालू नये. त्याने ते भांडे हातात घेतलेले नसते.

दुसरी अडचण कल्हईची. आतून कल्हई केलेल्या पातेल्याचा काठ रुपेरी असतो. पांढऱ्या पार्श्वभूमीवर सॉफ्टवेअरची आपोआप निवड हा काठ पार्श्वभूमीतच धरते आणि भांड्याची कड कुरतडल्यासारखी होते. अशा फोटोपुढे ‘काठ पेन टूलने हाताने आखावा’ असे लिहावे. या कामाला वेळ लागतो, त्यामुळे अशा फोटोंचा दर वेगळा पडतो आणि तो आधीच ठरवलेला बरा.

पांढरा म्हणजे कोणता पांढरा, हेही आकड्यात सांगावे. अ‍ॅमेझॉनच्या नियमांप्रमाणे मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, म्हणजे RGB 255, 255, 255 लागते आणि वस्तूने चौकटीचा 85 टक्के भाग व्यापावा लागतो. 250 डोळ्यांना पांढराच वाटतो. मात्र पांढऱ्या पानावर ठेवला की फोटोभोवती फिकट करडा चौकोन उमटतो. छापील कॅटलॉगसाठी याच फोटोंची दुसरी प्रत फिकट करड्या #F2F2F2 वर मागता येते. त्यावर कल्हईचा काठही नीट सुटा दिसतो.

सावलीचा उल्लेख न केल्यास एडिटर बहुधा ती पडद्याबरोबरच काढून टाकतो आणि हंडा हवेत तरंगतो. बुडाला टेकलेली गडद सावली ठेवावी, पडद्यावर पडलेली काढावी, आणि सगळ्या फोटोंत उजेड डावीकडून आल्यासारखा असावा, एवढे लिहिले की पुरते. अंतिम जेपीजीबरोबर लेयर असलेली पीएसडी फाइलही मागून घ्यावी. पुढच्या दिवाळीला मागचा रंग बदलायचा झाला, तर भांडे पुन्हा कापावे लागत नाही.

सगळा गठ्ठा सोपवण्यापूर्वी एकच फोटो करून मागावा, तोही कड्यांचा आणि कल्हईचा, म्हणजे अवघडातला. तपासणी सोपी आहे. कापलेल्या भांड्यामागे काळा रंग ठेवला की कडेला राहिलेली हिरवी किंवा पांढरी किनार लगेच दिसते.

एक गोष्ट मात्र कितीही नेमक्या पत्राने साधत नाही. फ्लॅशचा झोत थेट पोटावर पडून तो भाग पूर्ण पांढरा झाला असेल, तर तिथल्या खळग्यांची नोंद फोटोत उरलेलीच नसते. एडिटर तिथे जे भरेल ते काल्पनिक असेल. असे फोटो यादीतून वगळावेत आणि भांड्याच्या दोन्ही बाजूंना पांढरे कार्डशीट उभे करून, फ्लॅश बंद ठेवून, खिडकीच्या उजेडात पुन्हा काढावेत.