लारा एक उडी मागे का मारते?

लारा क्रॉफ्ट एका दरीच्या काठावर उभी आहे आणि समोरचा कडा तीन ठोकळे लांब आहे. १९९६च्या मूळ ‘टूम रेडर’मध्ये ही दरी ओलांडायची रीत ठरलेली होती. चालण्याचं बटण दाबून धरायचं आणि लाराला हळूहळू काठापर्यंत न्यायचं. ते बटण धरलेलं असेपर्यंत ती खाली पडत नाही, काठावर आपोआप थांबते. मग बटण सोडून मागच्या दिशेची कळ एकदा दाबायची, की ती टुणकन एक ठोकळाभर मागे येते. आता पुढची कळ धरायची, लगोलग उडीची धरायची आणि ती हवेत गेली की पकडण्याची. लारा नेमकी काठावरून झेपावते आणि पलीकडच्या कड्याला लोंबकळते.

पहिल्यांदा हे जमत नाही. एकदा जमलं, की सहसा चुकत नाही. याचं कारण गेमच्या बांधणीत आहे.

इंग्लंडमधल्या डर्बी गावच्या कोअर डिझाइन या कंपनीने हा गेम चौकटीच्या वहीवर आखावा तसा बांधला. सगळ्या गुहा, देवळं आणि थडगी एकाच मापाच्या चौरस ठोकळ्यांची, आणि लाराच्या हालचालीही त्याच मापाच्या. उभ्या जागेवरून उडी मारली तर एक ठोकळ्याचं अंतर पार होतं, धावत मारली तर दोन, आणि धावत मारून शेवटी हाताने कड पकडली तर तीन. मागची उडीही एकच ठोकळा, कारण धावण्याला तेवढीच जागा लागते. त्यामुळे सरावलेला खेळाडू दरी पाहून अंदाज बांधत बसत नाही. फरशीच्या नक्षीत ठोकळ्यांच्या कडा दिसतात, त्या तो मोजतो. चार ठोकळे असतील तर वाट दुसरीकडे आहे, हे त्याला उडी न मारताच कळतं.

आज हा गेम नव्याने हातात घेणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसते ती एक जड, हट्टी बाई. डावी कळ दाबली की ती डावीकडे जात नाही, जागच्या जागी डावीकडे वळते. मग पुढची कळ दाबली की चालते. रणगाडा असाच चालतो, म्हणून याला टँक कंट्रोल म्हणतात. त्या काळच्या प्लेस्टेशनच्या कंट्रोलरला अंगठ्याने फिरवायच्या काड्याच नव्हत्या, त्या १९९७मध्ये आल्या. हाताशी चार दिशांची बटणं, आणि कॅमेरा गेमच्या मर्जीने फिरणारा. अशा वेळी ‘पुढे’ म्हणजे लाराच्या नाकासमोर असं ठरवणं शहाणपणाचं होतं. कॅमेरा मध्येच भिंतीमागे गेला तरी तिची दिशा बदलत नाही.

फेब्रुवारी २०२४मध्ये अ‍ॅस्पायर कंपनीने पहिले तीन भाग एकत्र रीमास्टर करून आणले. रीमास्टर म्हणजे आतला गेम तोच, वरचं रूप नवं. इथे तर आतला जुना प्रोग्रॅमच ठेवला आहे आणि त्यावर नवी चित्रं, नवा उजेड, नवे चेहरे चढवले आहेत. खेळता खेळता एक बटण दाबलं की चित्र क्षणात १९९६चं होतं, पुन्हा दाबलं की आजचं. मला या बटणाचा भारी नाद लागला. त्याचा खरा उपयोगही आहे, कारण नव्या उजेडात काही खोल्या इतक्या अंधाऱ्या झाल्या आहेत की किल्ली किंवा औषधाची पेटी नजरेतून सुटते. अडलं की जुनं चित्र लावून खोली एकदा न्याहाळावी. तिसरा भाग भारतात सुरू होतो, जंगल, देवळाचे अवशेष आणि गंगाकाठ असा. त्यातलं तेव्हाचं परदेशी डोळ्यांनी पाहिलेलं चित्रणही कंपनीने काढलेलं नाही, सुरुवातीला एक सूचना टाकून जसंच्या तसं ठेवलं आहे.

आता मुद्द्याचं. या रीमास्टरमध्ये कंट्रोलही दोन प्रकारचे आहेत, टँक आणि मॉडर्न. मॉडर्न निवडलं की लारा आजच्या कुठल्याही गेममधल्या पात्रासारखी वागते. काडी जिकडे ढकलाल तिकडे धावते आणि दुसऱ्या काडीने कॅमेरा फिरवता येतो. जुन्या गेमची हौस आहे, पण हात आखडलेले नकोत, अशा माणसाला हेच हवं होतं. गुहेत हिंडताना आणि खोली धुंडाळताना ते खरंच सुखाचं आहे.

घोटाळा होतो तो त्या तीन ठोकळ्यांच्या दरीपाशी. मॉडर्नमध्ये काडी मागे ओढली की लारा मागे उडी मारत नाही, पाठ वळवून चालू लागते. म्हणजे काठापासून नेमकं एक ठोकळा मागे येण्याची सोय गेली. किती मागे आलो हे आता डोळ्यांनी ठरवायचं. शिवाय काडी कुठल्याही कोनात ढकलता येत असल्याने लारा किंचित तिरकी धावते, आणि तिरक्या वाटेने तीच दरी जास्त रुंद पडते. दरी मात्र जुन्याच मापाची आहे, तिला इंचभराची सूट नाही. पुन्हा पुन्हा लारा पलीकडच्या कड्याच्या अगदी जवळ जाऊन पडत असेल, तर बोटं मंद आहेत असं समजू नये. धावायला जागा कमी पडते आहे किंवा दिशा तिरकी आहे, या दोहोंपैकी एक. ती काठावरून न झेपावता तशीच घसरून खाली जात असेल, तर उडीचं बटण उशिरा दाबलं गेलंय.

दिशा सरळ करण्याची एक जुनी युक्ती आहे. कड्याला लोंबकळायचं आणि वर चढायचं. कड पकडली की गेम लाराला चौकटीच्या रेषेत आणतो, त्यामुळे चढून आल्यावर ती काटकोनात उभी असते. दोन्ही कंट्रोलमध्ये हे चालतं.

मग यावर उपाय काय, असं विचाराल तर तो २००७मध्येच झाला होता. क्रिस्टल डायनॅमिक्स या अमेरिकी कंपनीने ‘टूम रेडर: अ‍ॅनिव्हर्सरी’ नावाने पहिला भाग पायापासून पुन्हा बांधला. याला रीमेक म्हणतात. कंट्रोल नवे घेतले, म्हणून दऱ्या आणि कडेही त्या कंट्रोलच्या हिशेबाने नव्याने रचले. लारा इथे वाऱ्यासारखी पळते आणि कडा बहुतेक वेळा स्वतःच पकडते. हाताला फार हलका आहे हा गेम. पण तो जुना गेम नव्हे. मूळ गेममध्ये हरवलेल्या खोऱ्यात तुम्ही निवांत हिंडत असता आणि धुक्यासारख्या काळोखातून टायरॅनोसॉरस धावत येतो, काहीही पूर्वसूचना न देता. अ‍ॅनिव्हर्सरीत त्याच्या आगमनाचा आधी छोटा सिनेमा दाखवतात, मग ठरलेल्या पद्धतीची झुंज. सेंट फ्रान्सिस फॉली या उंच विहिरीसारख्या लेव्हलमध्ये मूळ चार दारं नेपच्यून, अ‍ॅटलस, डॅमोक्लीस आणि थॉर यांच्या नावाची होती. ग्रीक इमारतीत थॉर हा उत्तरेकडचा देव काय करत होता, हे कोणी विचारलं नव्हतं. रीमेकमध्ये थॉर जाऊन हेफेस्टस आला आणि नेपच्यूनचा पोसायडन झाला. पुराणाच्या दृष्टीने बरोबर, पण थॉरचा तो मोठा हातोडा डोक्यावर कोसळल्याची आठवण ज्यांच्या मनात आहे, त्यांना चुकल्यासारखं वाटणारच.

जुन्या गेमला नवे कंट्रोल लावले की तो बिघडतोच, असं मात्र नाही. आपल्याकडे सायबर कॅफेत ज्यावर एक पिढी वाढली ती ‘व्हाइस सिटी’ घ्या. तिथे रस्ते काही उडीच्या मापाने आखलेले नाहीत, त्यामुळे नेम धरणं आणि हत्यार बदलणं सोपं केलं तरी शहराचं काही बिनसत नाही. २०२१च्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये हे केलं आणि ते बरं झालं. फसलं ते दुसरंच. जुन्या गेममध्ये दूरवर धुकं असायचं, कारण तेव्हाच्या यंत्रांना लांबचं चित्र काढणं झेपत नसे. नव्या आवृत्तीत ते पुसलं आणि ‘सॅन अँड्रियास’चा तो अफाट वाटणारा मुलूख विमानातून पाहिला तर एका नजरेत मावू लागला. पाऊस पांढऱ्या रेघोट्यांसारखा दिसे, दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं चुकली होती. रॉकस्टारला माफी मागावी लागली आणि काढून टाकलेल्या जुन्या आवृत्त्या आपल्या दुकानात परत ठेवाव्या लागल्या. २०२४च्या अखेरीस सुधारणा करून जुन्या धाटणीचा उजेड निवडायची सोय दिली गेली.

‘टूम रेडर’ खेळायचाच असेल, तर माझ्या मते रीमास्टर घ्यावा आणि कंट्रोल टँक ठेवावेत. कंट्रोलरवर खेळताना काडी न वापरता दिशांची बटणं वापरावीत, निम्मा त्रास तिथेच संपतो. गुहेत जाण्याआधी लाराच्या घरची सरावाची लेव्हल करावी, तिथे ती स्वतः बोलून एकेक हालचाल शिकवते. मॉडर्नची फारच ओढ असेल तर तेही वापरा, पण अवघड उडी आली की मेनूत जाऊन टँक लावा. कंट्रोल खेळताना केव्हाही बदलता येतात. कडे मोजण्यात तुम्हाला मुळीच गंमत वाटत नसेल, तर सरळ अ‍ॅनिव्हर्सरी घ्यावी.

मूळ गेमच हवा असणाऱ्यांसाठी जीओजीवर पहिला भाग मिळतो. तो डॉसबॉक्सच्या आत चालतो, म्हणजे आजच्या संगणकावर जुन्या संगणकाचं सोंग आणून. चित्र चौकोनी आणि धूसर येतं. म्हणून बरेच जण त्याच्या फायली घेऊन चाहत्यांनी बनवलेला TRX हा प्रोग्रॅम वापरतात. त्यात चित्र रुंद पडद्याला पुरतं आणि उडीची एक सोय आहे. पहिल्या भागात बटण दाबल्यावर लारा जरा रेंगाळून उडते, दुसऱ्या भागात ती चटकन उडते. TRXमध्ये दुसऱ्या भागाची ती चपळाई पहिल्या भागात घेता येते. ठोकळ्यांच्या मापाला धक्का न लावता फक्त तेवढा रेंगाळेपणा जातो. कोणी अधिकृत कंपनीने इतक्या नेमक्या जागी बोट ठेवलेलं मी पाहिलेलं नाही.

रीमास्टर आपल्याला पचेल का, ही शंका असेल तर स्टीमवरून घ्यावा. खरेदीनंतर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झालं असेल, तर तिथे पैसे परत मागता येतात. लाराचं घर आणि पहिली गुहा यांना तेवढा वेळ भरपूर होतो.