चार्जरच्या पाठीवरची बारीक अक्षरं

दादर स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर मी केबलसकट एक चार्जर घेतला, 120 रुपयांना. घरी आल्यावर भिंगाखाली त्याची पाठ वाचली. CE, FCC, एकात एक दोन चौकोन, फुली मारलेली कचरापेटी आणि सगळ्यात खाली IS 13252 (Part 1), R- आणि पुढे आठ आकडे. इतकी चिन्हं पाहिली की वस्तू कुठल्या तरी कसोटीतून गेलेली असणार, असंच कुणालाही वाटेल. म्हणून त्यातलं एकेक चिन्ह नेमकं काय सांगतं, ते पाहायला बसलो.

CE हे युरोपातल्या विक्रीसाठीचं चिन्ह. आपला माल तिथल्या नियमांत बसतो असं उत्पादकच जाहीर करतो आणि चार्जरसारख्या वस्तूवर ते स्वतःच छापतो. त्यासाठी बाहेरच्या कुणी तपासणी केलेली असावीच लागते असं नाही. अक्षरांमधलं अंतर कमी असेल तर ते ‘चायना एक्स्पोर्ट’चं चिन्ह, असा संदेश मोबाइलवर फिरतो. असं कुठलंही मान्य चिन्ह नाही. अंतर चुकलेलं असेल तर छपाई नियमाप्रमाणे नाही, इतकंच त्यातून कळतं. FCC अमेरिकेतलं आहे आणि ते रेडिओलहरींच्या अडथळ्याबद्दल बोलतं, विजेच्या धक्क्याबद्दल काहीच नाही. कचरापेटी सांगते की ही वस्तू घरच्या कचऱ्यात टाकू नका. दोन चौकोनांचा अर्थ मात्र सुरक्षिततेशी जोडलेला आहे: आत दुहेरी किंवा तितकंच भक्कम इन्सुलेशन आहे, त्यामुळे अर्थिंगची गरज नाही. पण हा दावाही छापणाऱ्याचाच.

आपल्याकडे खरं वजन शेवटच्या ओळीला आहे. भारतीय मानक ब्युरोच्या, म्हणजे बीआयएसच्या, सक्तीच्या नोंदणी योजनेत मोबाइलचे अडॅप्टर येतात. योजनेचा मूळ आदेश 2012 चा, आणि अडॅप्टर त्यात 2014 च्या यादीने आले. गीझर किंवा इस्त्रीवर दिसणारं आयएसआय चिन्ह वेगळं. त्याच्यासोबत CM/L ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. चार्जरवर हवा तो R-क्रमांक.

हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ या सरकारी अॅपमध्ये टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. माझ्या चार्जरचा आकडा टाकला तर नोंदणी खरंच निघाली. घाई असती तर मी तिथेच थांबलो असतो. पण खाली वाचत गेलो तर ब्रँड वेगळा होता आणि वस्तू चार्जर नव्हतीच, एलईडी दिव्याचा ड्रायव्हर होती. ही नोंदणी ठरावीक कारखान्याला, ठरावीक ब्रँडखाली, ठरावीक वस्तूसाठी मिळते. त्यामुळे क्रमांक सापडला एवढ्याने काही ठरत नाही. ब्रँड, वस्तू, मॉडेल आणि नोंदणी चालू आहे की संपली, हे चारही मुद्दे हातातल्या चार्जरशी जुळले पाहिजेत. दुसऱ्याचा खरा क्रमांक उचलून छापायला फक्त छापखाना लागतो.

आणि समजा, सगळं जुळलं. तरी काय सिद्ध होतं? या योजनेत उत्पादक नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवतो आणि तिच्या अहवालावर नोंदणी होते. आयएसआयच्या परवान्यात कारखान्याची पाहणी असते, तशी इथे नोंदणीआधी होत नाही. बाजारातून नमुने उचलून तपासणी होते, पण ती नंतर. म्हणजे त्या मॉडेलचा एक नमुना एके दिवशी कसोटीला उतरला, हे नक्की. आपल्या हातातला नग त्याच सुट्या भागांचा आहे, हे त्यातून निघत नाही. तरीही माझ्या मते ही नोंदणी फार मोलाची आहे, कारण तिच्यामागे नाव-पत्ता असलेला कुणीतरी जबाबदार धरता येतो.

तो चार्जर मी बुधवार पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यांनी कवच फोडून पट्टी उलटी धरली. “हे बघा साहेब, इकडे घरची लाइन, इकडे तुमचा मोबाइल. मधे किती जागा आहे?” जागा दोन मिलिमीटरही नव्हती. 230 व्होल्टची बाजू आणि 5 व्होल्टची बाजू यांच्यामध्ये पट्टीच्या पृष्ठभागावर साधारण सहा मिलिमीटर अंतर लागतं. धूळ बसली, पावसाळ्यात ओल आली, तरी वीज ते अंतर ओलांडू नये म्हणून. कसोटीत या दोन बाजूंमध्ये तीन हजार व्होल्ट लावून पाहतात, ते याच भिंतीसाठी.

मग त्यांनी एक कॅपॅसिटर दाखवला. आवाज दाबण्यासाठी दोन्ही बाजू एका ‘वाय’ जातीच्या कॅपॅसिटरने जोडतात. तो अशा रीतीने बनवलेला असतो की बिघडला तरी शॉर्ट होण्याची शक्यता अगदी कमी राहावी, आणि त्याच्या अंगावर Y1 किंवा Y2 छापलेलं असतं. इथे साधा सिरॅमिक कॅपॅसिटर होता. तो शॉर्ट झाला तर घरातली वीज थेट केबलमध्ये, म्हणजे फोन कानाला लावलेल्या माणसाच्या हातात येते. चार्जिंग चालू असताना फोनची धातूची कड हलकीशी झिणझिणते, ती मात्र चांगल्या चार्जरलाही असू शकते, कारण वाय कॅपॅसिटरमधून अगदी किंचित प्रवाह जातोच. त्यामुळे झिणझिण्या आल्या म्हणून चार्जर खोटा किंवा आल्या नाहीत म्हणून खरा, असं ठरवता येत नाही. आतली ही भिंत बाहेरून दिसत नाही, आणि घरी फोडून पाहण्याच्या फंदात पडू नये. प्लग काढल्यावरही आतला मोठा कॅपॅसिटर काही वेळ भरलेला असतो.

यूएल या अमेरिकेतल्या चाचणीसंस्थेने 2016 मध्ये स्वतःचंच चिन्ह छापलेले 400 बनावट आयफोन अडॅप्टर तपासले. सगळ्या चाचण्यांत उतरले फक्त तीन. जिचं चिन्ह होतं त्याच संस्थेने काढलेला हा निकाल असल्याने मला तो महत्त्वाचा वाटतो.

राहिली केबल. चार्जरवरचा R-क्रमांक अडॅप्टरचा असतो, सोबतच्या केबलचा नाही. माझ्या केबलच्या आवरणावर AWM 2725 80°C 30V VW-1 असं बारीक छापलेलं होतं. हे यूएलच्या पद्धतीचं लेखन आहे आणि खरं असलं तरी ते कच्च्या वायरीबद्दल आहे: किती उष्णता सोसते, किती व्होल्टसाठी आहे, पेट घेतल्यावर कशी विझते. टोकाला प्लग कुणी आणि कसा जोडला, याची जबाबदारी ते घेत नाही. गूगलमधले अभियंते बेन्सन लियुंग यांचा लॅपटॉप 2016 मध्ये अशाच चुकीच्या जोडणीच्या टाइप-सी केबलने निकामी झाला होता.

तरी आवरणावरचा एक आकडा मी वाचतोच. 28AWG/1P+24AWG/2C असं असेल तर 28 ही डेटाची जोडी आणि 24 या विजेच्या दोन तारा. आकडा लहान तितकी तार जाड. माझ्या केबलवर फक्त 28 होतं. एवढ्या बारीक तारेच्या एक मीटर केबलमध्ये, जाण्या-येण्याचा मार्ग धरून, सुमारे 0.43 ओहम रोध असतो. दोन अँपिअर वाहिले तर 5 व्होल्टमधले जवळपास 0.85 व्होल्ट वाटेतच जातात आणि पावणेदोन वॉट केबल तापवण्यात खर्च होतात. फोन हे ओळखून प्रवाह कमी करतो, म्हणून चार्जिंग रेंगाळतं. आवरणावर 24 छापून आत 28 भरलेली केबलही मिळते. ती ओळखायला विस्तव लागत नाही की कात्री: त्याच चार्जरवर, तोच फोन, बॅटरी अर्धी रिकामी असताना, आधी माहितीतल्या केबलने आणि मग नव्याने पंधरा-पंधरा मिनिटं लावून पाहिला की टक्केवारीतला फरक दिसतो. माझ्या नव्या केबलने पंधरा मिनिटांत पाच टक्के भरले, जुनीने अकरा.