हाय खाण्याची भीती

“तात्यांना काही कळता कामा नये, ते हाय खातील,” हे वाक्य मी इतक्या घरांत, आणि तेही इतक्या दबल्या आवाजात ऐकले आहे, की ते उच्चारणाऱ्यांच्या मायेविषयी मनात यत्किंचितही संशय नसताना त्यामागील समजुतीविषयी मात्र आता राग येऊ लागला आहे. ही समजूत दुहेरी आहे : एक, न सांगितल्यामुळे रुग्णास कळत नाही, आणि दोन, कळले तर तो धीर सोडतो.

पहिली गोष्ट घ्या. माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी मामलेदार कचेरीत अव्वल कारकून म्हणून हयात घालविली होती, आणि निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. घरात ‘कावीळ’ हा शब्द ठरविण्यात आला, तपासण्यांचे कागद धाकट्या सुनेच्या कपाटात गेले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यास उंबऱ्यावरच ताकीद मिळू लागली. परंतु मधुमेहापायी ज्या घरात साखरेचा डबा वर्षानुवर्षे त्यांच्यापासून लपविला जात होता, त्याच घरात आमरसाची वाटी न मागता पुढे येऊ लागली. परदेशातील कन्या सण नसताना, रजेची सबब न सांगता येऊन राहिली. आणि ज्या माणसाने तीस वर्षे दुसऱ्यांच्या अर्जांतील न लिहिलेले वाचले, त्याला हे वाचता येणार नाही असे मुलांनी खुशाल गृहीत धरले! त्यांच्या पश्चात दप्तरात एक चिठ्ठी सापडली : कुटुंबनिवृत्तिवेतनाचे कागद कोणत्या कप्प्यात आहेत हे लिहून खाली त्यांनी शेरा मारला होता, ‘मुलांस आत्ताच दाखवू नये, घाबरतील.’

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नव्हे. ग्लेझर आणि स्ट्राउस या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील रुग्णालयांत मरणासन्न रुग्णांचे निरीक्षण करून १९६५ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या अवस्थेस त्यांनी स्वतंत्र नाव दिले. मराठीत तिला परस्पर बतावणी म्हणता येईल. दोघांनाही ठाऊक असते, दुसऱ्यास ठाऊक आहे हेही ठाऊक असते, आणि तरीही नाटक चालू राहते. त्याची किंमत अशी की मृत्यूपूर्वीच सुरू झालेला शोक, म्हणजे ती निद्रानाशाची रात्र, क्षुल्लक कारणावरून उसळणारा संताप, मनातल्या मनात चाललेली अंत्यविधीची तालीम, हे सर्व प्रत्येकजण एकाच छपराखाली एकेकट्याने भोगतो.

आता धीर सोडण्याविषयी. अमेरिकेत असाध्य कर्करोगाच्या ३३२ रुग्णांचा त्यांच्या शुश्रूषा करणाऱ्या आप्तांसह अभ्यास झाला आणि तो २००८ साली तेथील वैद्यकसंघाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. डॉक्टरांशी अखेरच्या काळाविषयी बोलणे झालेल्यांत नैराश्य वा काळजी इतरांहून अधिक आढळली नाही. उलट अखेरच्या आठवड्यात कृत्रिम श्वासयंत्रासारखे उपचार त्यांच्या वाट्यास कमी आले, आणि असे उपचार ज्यांच्यावर झाले त्यांच्या आप्तांना पुढे दुःखातून सावरणे अधिक जड गेले. बोलल्यामुळेच हे घडले असे केवळ निरीक्षणावरून सिद्ध होत नाही, हे मान्य. पण ‘हाय खातील’ या भाकितास त्यात आधार सापडत नाही, इतके निश्चित.

याचा अर्थ सकाळच्या चहाबरोबर निदान वाचून दाखवावे असा नव्हे. काहींना खरोखरच जाणून घ्यावयाचे नसते, आणि तो हक्क त्यांचा आहे. मात्र तो त्यांनी बजावावयाचा असतो, थोरल्या चिरंजीवांनी नव्हे. म्हणून आरंभ सांगण्याने न करता विचारण्याने करावा : “तात्या, तुम्हांला या दुखण्याचं काय वाटतं?” उत्तर आले तर त्याच्या पुढे एकच पाऊल टाकावे, “डॉक्टर पाहून घेतील” असे म्हणून त्यांनी कूस बदलली तर विषय थांबवावा आणि काही दिवसांनी पुन्हा विचारावे, कारण त्याच माणसाचे उत्तर ग्लानी नसलेल्या एखाद्या संध्याकाळी निराळे येऊ शकते.

किरकोळ समजुतींचा हिशेब थोडक्यात. आधी रडून घेतले की मागाहून दुःख हलके होते, असे म्हणतात. संशोधनात बहुधा उलटच दिसते, आधीचा शोक ज्यांचा अतितीव्र, त्यांनाच पुढेही अधिक जपावे लागते. जिवंत माणसासाठी शोक करणे अभद्र, हे तर बोलूच नये. शोक कोणाची परवानगी मागून येत नाही. ‘सुटावेत एकदाचे’ हा विचार मनात आला म्हणजे आपले प्रेम आटले, असे मानून कित्येक मुली पुढे वर्षानुवर्षे स्वतःस दोषी धरतात. वेदना पाहवत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. आणि मॉर्फिन सुरू केले म्हणजे आशा सोडली, हाही भ्रमच : ते वेदनेवरचे औषध आहे, योग्य मात्रेत महिनोन् महिने देता येते, आणि ज्याचे दुखणे त्याने शमते तो माणूस पुष्कळदा प्रथमच उशीस टेकून बसतो आणि विचारतो, “माझं दप्तर कुठं ठेवलंय?” त्या वेळी दप्तर आणून द्यावे आणि तिथेच बसून राहावे.